‘तिला पोहता येतं आणि त्यालाही’: क्रियापद कधी गाळायचं, कधी नाही?

मुक्ता_धरमपेठ

नागपुरातल्या एका गृहनिर्माण संस्थेची नियमावली इंग्रजीतून मराठीत करायचं काम हाती आहे. मूळ मजकुरात दुसऱ्या वाक्यातलं क्रियापद सतत गाळलेलं असतं. ‘शी कॅन स्विम अँड ही कॅन टू’ अशी ठेवण. ‘कॅन’ मागे राहतं, ‘स्विम’ गळतं. मराठीत ‘ती पोहू शकते आणि तोही शकतो’ लिहिलं की कानाला टोचतं. ‘तोही पोहू शकतो’ असं प्रत्येक ठिकाणी लिहिलं तर दर दोन ओळींनी तेच क्रियापद येतं आणि नियमावली वाचवत नाही.

सध्या अडलेली तीन वाक्यं, कच्च्या मराठीत:

१. सचिव धनादेशावर सही करू शकतात. त्यांना शक्य नसेल तर कोषाध्यक्ष.
२. भाडेकरूने आपली गॅलरी स्वच्छ ठेवावी आणि घरमालकानेही.
३. अध्यक्षांना सचिवांना लेखी कळवावं लागेल आणि कोषाध्यक्षांनाही.

गाळलेला भाग वाचणाऱ्याला नेमका तोच परत मिळेल की नाही, हे तपासायची काही रीत आहे का? की कानावरच सोडायचं?

तर्री_स्पेशल

तिले पोहता येते अन् त्याले बी. झालं ना ताई! ‘शकते-शकतो’च्या भानगडीत पडूच नका.

सुलभा_जोशी

माझा अनुभव असा की लोप दाखवताना तीन टिंबं द्यावीत. वाक्याच्या शेवटी लोप आला तर तीन टिंबं आणि पूर्णविराम मिळून चार होतात. यावर एकदा सविस्तर लिहायला हवं, सगळेच गोंधळ घालतात.

मुक्ता_धरमपेठ

सुलभाताई, टिंबांचा प्रश्न वेगळा आहे. इथे काहीच चिन्ह न देता शब्द गाळलेला असतो आणि तरी वाक्य पूर्ण असतं. ‘त्याने तर्री पोहे खाल्ले आणि तिने कचोरी’ या वाक्यात टिंबं देण्यासारखं काही नाही, पण ‘खाल्ली’ लिहिलेलं नाही.

पदच्छेद

तर्री_स्पेशल यांनी एका ओळीत बरोबर जागेवर बोट ठेवलंय. पुढचं त्याच धाग्याने.

इंग्रजीत या लोपाला मागे एक सहायक क्रियापद उरावं लागतं: कॅन, विल, हॅव, डू. मराठीत अशी मागे उरू शकणारी क्रियापदं थोडी आहेत. ती ओळखायची चाचणी अशी. पहिलं वाक्य नकारात ठेवा आणि दुसरं होकारात. नकारातून होकारात येताना मराठीला काहीतरी क्रियापद उच्चारावंच लागतं, त्यामुळे कोण उभं राहतं आणि कोण कोसळतं ते लगेच दिसतं.

‘तिला पोहता येत नाही, पण त्याला येतं.’ स्वच्छ.
‘तिला रोज जावं लागत नाही, पण मला लागतं.’ स्वच्छ.
‘त्यांनी तिला आत जाऊ दिलं नाही, मला दिलं.’ चालतं.
‘ती पोहू शकत नाही, पण तो शकतो.’ लंगडतं.
‘ती रडू लागली नाही, पण तो लागला.’ नाहीच.
‘त्याने पत्र फाडून टाकलं नाही, पण तिने टाकलं.’ इथे तर अर्थच फिरला. तिने पत्र पेटीत टाकलं असं वाटतं.

कारण शोधलं तर असं दिसतं की येणं, गरज सांगणारं लागणं, देणं ही क्रियापदं एरवीही एखादं नाम घेऊन स्वतःच्या पायावर उभी राहतात: मला मराठी येतं, मला चष्मा लागतो. म्हणून ‘पोहता’ गळलं तरी उरलेलं क्रियापद त्याच अर्थाने टिकतं. ‘शकणं’ कधी नाम घेतच नाही. आणि ‘टाकणं’ एकटं पडलं की आपल्या मूळ अर्थाकडे पळतं. हेच ‘आहे’चं. ‘ती गेली आहे आणि तोही आहे’ म्हटलं तर तो गेलेला नाही, तो इथेच आहे!

तेव्हा इंग्रजीत ‘कॅन’ दिसला की मराठीत आधी ‘-ता येणं’ बसतं का ते पाहावं. बसलं तर लोप सोपा होतो. पण एक सांभाळायचं. नियमावलीतला ‘मे’ बहुतेक वेळा अधिकार सांगतो, कौशल्य नाही. ‘सचिवांना सही करता येईल’ यातून अधिकाराचा अर्थ निघतो, ‘सचिवांना सही करता येते’ यातून मात्र सचिव साक्षर आहेत एवढंच कळतं.

कौस्तुभ७४

‘शकतो’ एकटा उभा राहत नाही हे पटलं नाही. “उद्या येऊ शकशील का?” “हो, शकेन.” हे रोज ऐकू येतं.

पदच्छेद

येतं, आणि ते चूक नाही. पण ते प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे. प्रश्नातलं ‘येऊ’ एका श्वासापूर्वी समोरच्याच्या तोंडून ऐकलेलं असतं. आता तोच ‘शकेन’ ‘आणि’ घालून एका वाक्यात बसवून बघा: ‘ती उद्या येऊ शकेल आणि मीही शकेन.’ मला खटकतं. तुम्हाला चालत असेल तर ती नोंद करण्यासारखी गोष्ट आहे, सगळ्यांचे कान एकसारखे नसतात.

कौस्तुभ७४

बोलताना चालेल. लिहिताना मीही ‘येऊ’ घालीन.

आनंद_वर्धारोड

हा सगळा गुंता मराठीचं क्रियापद शेवटी येतं म्हणून आहे. क्रियापद शेवटी असलेल्या भाषांत लोप नेहमी पहिल्या वाक्यात होतो, जपानीसारखा. ‘राम आंबा आणि सीता केळं खाते’ हीच आपली खरी रचना. ‘राम आंबा खातो आणि सीता केळं’ ही इंग्रजीच्या प्रभावाने आलेली. म्हणून मुक्ताताईंनी क्रियापद शेवटी एकदाच ठेवावं, प्रश्न मिटेल.

पदच्छेद

जपानीबद्दल बरोबर, मराठीबद्दल अर्धंच. जॉन रॉस या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९७० मध्ये याच विषयावर निबंध लिहिला. त्यात त्याने दाखवलं की इंग्रजीसारख्या भाषेत क्रियापद फक्त दुसऱ्या वाक्यातून गळतं आणि जपानीत फक्त पहिल्यातून. पण ज्या भाषांत शब्द हलवायला मोकळीक आहे तिथे दोन्ही दिशा सापडतात. मराठीत दोन्ही आहेत. म्हणींची आणि ओव्यांची ठेवण पाहा, दुसऱ्या भागातलं क्रियापद गाळणं तिथे मुळीच परकं नाही.

शेवटी एकदाच क्रियापद ठेवण्यात एक वेगळीच अडचण आहे. ‘राम पुण्याला आणि सीता मुंबईला…’ यापुढे काय लिहाल? गेली की गेले? ‘गेली’ लिहिलं तर ते फक्त जवळच्या सीतेशी जुळतं. ‘गेले’ लिहिलं तर दोघांची बेरीज होते. मी दोन्ही ऐकलंय आणि दोन्ही बाजूंची चांगली मराठी लिहिणारी माणसं आहेत. ‘राम पुण्याला गेला आणि सीता मुंबईला’ असं लिहिलं की हा प्रश्नच उठत नाही, कारण ‘गेली’ लिहायचंच नसतं आणि वाचणारा मनात ते बरोबर जुळवून घेतो. लिंग-वचन वेगळं असेल तिथे क्रियापद पहिल्या वाक्यात ठेवणं अधिक निर्धोक.

आनंद_वर्धारोड

‘गेले’ हेच शुद्ध आहे असं माझं मत. दोन कर्ते, अनेकवचन.

रेवती_महाल

दोन कर्ते असले तरी दोन वेगळ्या वाक्यांचे आहेत ना? ‘राम आणि सीता मुंबईला गेले’ यात दोघे मिळून एक कर्ता होतो. इथे तसं नाही. मला ‘गेली’च बरोबर वाटतं.

तर्री_स्पेशल

आमच्या बोलीतली एक चीज टाकतो, पदच्छेद भाऊंच्या चाचणीसाठी. ‘तो जेवून राह्यला’ म्हणजे तो जेवतोय. आता ‘तो जेवून राह्यला अन् ती बी’ एकदम बराबर. पण ‘तो जेवून राह्यला अन् ती बी राह्यली’ म्हणा! समोरचा म्हणेल, ती काहून राह्यली, तिले वाढलं नाही का? म्हणजे ‘राह्यला’ हाही ‘टाकलं’च्या रांगेतला.

पदच्छेद

फार नेमकं उदाहरण. ‘राहणं’ एकटं पडलं की ‘उरणं’ हा आपला अर्थ घेऊन बसतं. म्हणून या बोलीत लोप करायचा तर सगळंच गाळावं लागतं आणि ‘बी’ मागे ठेवावा लागतो. प्रमाण मराठीत ते काम ‘ही’ किंवा ‘पण’ करतं.

श्रीनिवास_रामटेक

या धाग्यावर जुन्या वादाची आठवण करून देणं गरजेचं वाटतं. कोणी नुसतं ‘द्वारम्’ म्हणालं, तर ऐकणारा ‘दार लाव’ असं समजतो. मग त्याने मनात काय भरलं? कुमारिल भट्टांच्या परंपरेचे मीमांसक म्हणतात, गळलेला शब्दच भरावा लागतो, कारण शब्दाचा अर्थ शब्दाशीच जुळतो. प्रभाकरांच्या परंपरेचे म्हणतात, शब्द कशाला, अर्थ भरला की पुरे.

मुक्ताताईंच्या ‘त्याने पोहे खाल्ले आणि तिने कचोरी’ या वाक्यात हाच वाद जिवंत आहे. वर लिहिलेला शब्द ‘खाल्ले’ आहे. भरायचा शब्द ‘खाल्ली’ आहे. तो वर कुठेच नाही. म्हणजे परत मिळतं ते रूप नव्हे, त्यामागचं काहीतरी.

रेवती_महाल

मग प्रभाकर बरोबर ठरतात.

पदच्छेद

इतकं सरळ नाही, रेवती. फक्त अर्थ पुरला असता तर पुढचं वाक्यही चाललं असतं: ‘पत्र सचिवांकडून पाठवलं गेलं आणि पावती कोषाध्यक्षांनी.’ अर्थ तर कळतोय, पावती कोषाध्यक्षांनी पाठवली. तरी वाक्य मोडतं. वरचं क्रियापद ‘पाठवलं गेलं’ हे आहे, त्याला ‘कोषाध्यक्षांकडून’ लागतं. ‘कोषाध्यक्षांनी’ला ‘पाठवली’ लागतं, आणि ते वर नाही. लिंग-वचन बदललेलं चालतं, प्रयोग बदललेला चालत नाही. म्हणजे शब्दाच्या रचनेतला काही भाग जुळावाच लागतो. सरकारी आणि संस्थांच्या पत्रांत ही चूक फार सापडते, कारण पहिलं वाक्य ‘कडून… गेलं’ने सुरू होतं आणि लिहिणारा दुसऱ्यात सवयीने ‘-नी’वर येतो. अशा वेळी उरलेल्या शब्दांचे प्रत्यय पहिल्या वाक्यातल्या जोडीदारांशी एकेक करून ताडून पाहावेत. पत्र-पावती जुळलं, सचिवांकडून-कोषाध्यक्षांनी जुळलं नाही, तिथेच थांबायचं.

वसंत_काटोलरोड

मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे. तुमच्या चर्चेतलं सगळं कळलं नाही, पण माझा प्रश्न याच जातीचा आहे. सूचनाफलकावर लिहिलं होतं: ‘अ इमारतीने पाणीपट्टी भरली नाही आणि ब इमारतीने देखभाल खर्च.’ ब इमारतीचे लोक म्हणतात, आम्ही देखभाल खर्च भरला असं तुम्हीच लिहिलंय. कोण बरोबर?

पदच्छेद

वसंतराव, तुम्हाला काय म्हणायचं होतं ते बहुतेकांना कळेल, पण ब इमारतीला दोष देता येत नाही. गळलेल्या जागी ‘भरला नाही’ भरायचं की नुसतं ‘भरला’, हे या वाक्यात बांधलेलं नाही. ‘नाही’ फक्त पहिल्या वाक्याला लागलाय असं वाचता येतं. मराठीत होकार गाळता येतो, नकार गाळण्याची जोखीम घेऊ नये. ‘आणि ब इमारतीने देखभाल खर्च भरला नाही’ असं पूर्ण लिहा, निदान ‘देखभाल खर्च नाही’ एवढं तरी.

उलट दिशेने मात्र ‘नाही’ एकटा सगळं ओढून नेतो: ‘अ इमारतीने पाणीपट्टी भरली, ब इमारतीने नाही.’ इथे कोणाला शंका येत नाही.

वसंत_काटोलरोड

मग सगळीकडे क्रियापद पूर्ण लिहिणं हाच सुरक्षित मार्ग. गाळायचंच नाही. मुक्ताताई, तुम्हीही तसंच करा, वाचायला कंटाळा आला तरी चालेल, भांडणं नकोत.

रेवती_महाल

इथेच मला एक गोष्ट मांडायची आहे. पूर्ण लिहिणं नेहमी सुरक्षित नसतं. ही दोन वाक्यं शेजारी ठेवा.

‘पहिल्या मजल्याने टाकी नीट धुतली, दुसऱ्या मजल्याने नाही.’
‘पहिल्या मजल्याने टाकी नीट धुतली, दुसऱ्या मजल्याने धुतली नाही.’

पहिल्यात दुसऱ्या मजल्याने टाकी धुतली असेल, पण नीट नाही, असं वाचता येतं. दुसऱ्यात त्यांनी टाकीला हातच लावला नाही. ‘धुतली’ पुन्हा लिहिलं आणि ‘नीट’ हरवलं. म्हणजे क्रियापद गाळलं की त्याच्याबरोबरचं क्रियाविशेषणही गळलेल्या भागात जातं आणि परत मिळतं. क्रियापद उच्चारलं की ते परत मिळत नाही.

पदच्छेद

शंभर टक्के. आणि यातून मोठी गोष्ट निघते. ‘टाकी’ दोन्ही वाक्यांत परत मिळतेय, ‘नीट’ फक्त पहिल्यात. म्हणजे ‘धुतली नाही’ मध्ये फक्त कर्म गळलंय. मराठीत कर्म असंही, कधीही गाळता येतं. ‘दुसऱ्या मजल्याने नाही’ मध्ये मात्र क्रियापदासकट आख्खा गठ्ठा गळलाय. वरवर सारखे दिसणारे हे दोन वेगळे लोप आहेत. क्रियापद लिहायचं ठरवलं तर त्याच्याबरोबरचे ‘नीट’, ‘लेखी’, ‘मुदतीत’, ‘एकत्र’ हे शब्दही पुन्हा लिहायचे. अर्धं लिहिलं की वाचणारा लिहिलेलं तेवढंच धरतो.

कौस्तुभ७४

मग याच न्यायाने ‘त्याला येतं’ हाही क्रियापदाचा लोप नाही, नुसतं ‘पोहता’ हे कर्मासारखं गळलंय! तलावाच्या काठावर उभं राहून, कोणी काही बोललेलं नसताना, पोहणाऱ्याकडे बोट दाखवून “तुला पण येतं?” विचारता येतं. इंग्रजीत तसं आधी वाक्य नसताना ‘कॅन यू टू?’ विचारणं अडतं असं वाचलंय.

पदच्छेद

हॅन्कामर आणि सॅग यांनी १९७६ मध्ये हाच फरक मांडला होता. काही लोपांना आधी बोललेलं वाक्य लागतं, काहींना समोरचा प्रसंग पुरतो. ‘तसं करणं’ हे दुसऱ्या जातीचं, कोणी न बोलताही “तू पण तसं कर” म्हणता येतं. तुमचं “तुला पण येतं?” मलाही काठावर चालेल असं वाटतं. नुसतं “तू पण?” मात्र तिथे संदिग्ध होतं, काय पण? ‘येतं’चा लोप नेमका कोणत्या खणात टाकावा याबद्दल मी ठाम नाही. ‘नीट’ची चाचणी लावून बघितली, ‘तिला नीट पोहता येतं, त्याला येत नाही’, तर ‘नीट’ परत मिळतो असंही वाटतं आणि नाही असंही. इतरांनी सांगावं.

रेवती_महाल

मला तिथे ‘नीट’ मिळतो. ‘धुतली नाही’मध्ये मिळत नाही. म्हणजे ‘येत’ वेगळा आहे, कर्मलोप नाही.

आनंद_वर्धारोड

मला नाही मिळत. ‘त्याला येत नाही’ म्हणजे त्याला पोहताच येत नाही.

सुलभा_जोशी

आता विषय कळला. मग मुक्ताच्या तिसऱ्या वाक्याकडे कोणी पाहिलं का? ‘अध्यक्षांना सचिवांना कळवावं लागेल आणि कोषाध्यक्षांनाही.’ मी तर असं वाचलं की कोषाध्यक्षांनाही सचिवांना कळवावं लागेल. तुम्ही सगळे काय वाचता?

रेवती_महाल

मी उलट वाचलं. अध्यक्ष दोघांना कळवणार.

पदच्छेद

सुलभाताई, तुम्ही या धाग्यातलं सर्वात महत्त्वाचं वाक्य उचललंत. मराठीत हा लोप एरवी निर्धोक असतो तो प्रत्ययांमुळे. ‘रमाने उमाला फोन केला आणि सीमालाही’, फोन सीमाला आला. ‘आणि सीमानेही’, फोन सीमाने केला. इंग्रजीत दोन्हीकडे ‘सीमा टू’ एवढंच येतं आणि संदर्भावर सोडावं लागतं. आपल्याकडे ‘ने’ आणि ‘ला’ गळलेल्या वाक्यातली जागा सांगतात.

पण ‘लागेल’, ‘-यचं आहे’, ‘आवडतं’ अशा क्रियापदांचा कर्ताही ‘ला’ घेतो. ‘रमाला उमाला भेटायचं आहे आणि सीमालाही’ म्हटलं की प्रत्ययाने काहीच कळत नाही, दोन्ही जागांवर ‘ला’ आहे. तिसरं वाक्य तंतोतंत हेच आहे. बोलताना ‘सचिवांना’वर जोर देऊन वेळ मारून नेता येते. कागदावर जोर दिसत नाही.

दुरुस्ती क्रियापद वाढवून करायची नाही, क्रियापदाचा प्रकार बदलून करायची. ‘कळवावं लागेल’ऐवजी ‘कळवावं’ घ्या. मग कर्त्याला ‘नी’ लागतो: ‘अध्यक्षांनी सचिवांना लेखी कळवावं आणि कोषाध्यक्षांनाही.’ आता ‘कोषाध्यक्षांना’ची जोडी फक्त ‘सचिवांना’शी जुळते. दुसरा अर्थ हवा असेल तर ‘कोषाध्यक्षांनीही’.

श्रीनिवास_रामटेक

आणि दुसऱ्या वाक्यात ‘आपली’ आहे तिकडेही पाहा. ‘भाडेकरूने आपली गॅलरी स्वच्छ ठेवावी आणि घरमालकानेही.’ ‘आपली’ गळलेल्या वाक्यात गेलं की नव्या कर्त्याला चिकटतं. घरमालकाने स्वतःच्या राहत्या घराची गॅलरी झाडायची! मूळ इंग्रजीत ‘देअर’ असेल तर तिथे दोन्ही अर्थ निघतात. मराठीत ‘आपली’ने एकच निघतो आणि बहुधा तो नको असलेला.

मुक्ता_धरमपेठ

मूळ नियमात भाड्याने दिलेल्या सदनिकेचीच गॅलरी अभिप्रेत आहे, दोघांवर जबाबदारी. तेव्हा ‘आपली’ काढते. सुधारलेली वाक्यं:

१. धनादेशावर सचिवांना सही करता येईल; त्यांना शक्य नसेल तर कोषाध्यक्षांना.
२. भाड्याने दिलेल्या सदनिकेची गॅलरी भाडेकरूने स्वच्छ ठेवावी आणि घरमालकानेही.
३. अध्यक्षांनी सचिवांना लेखी कळवावं आणि कोषाध्यक्षांनाही कळवावं.

कौस्तुभ७४

पहिलं आता छान झालं. आधीच्या खर्ड्यात ‘तर कोषाध्यक्ष’ म्हटल्यावर मी ‘सही करतील’ असं भरत होतो, म्हणजे त्यांना ती करावीच लागेल. ‘तू गेलास तर मी पण’मध्ये आपण ‘जाईन’ भरतो, ‘गेलो’ नाही, तसं. ‘तर’ आला की मन भविष्यकाळाकडे ओढलं जातं. ‘कोषाध्यक्षांना’ लिहिल्यावर तो प्रत्यय ‘करता येईल’कडेच जातो.

आनंद_वर्धारोड

मला अजूनही ‘त्यांना शक्य नसेल तर’मधला ‘त्यांना’ आणि ‘कोषाध्यक्षांना’ एकाच रांगेतले वाटतात. कोषाध्यक्षांना शक्य नसेल तर, असं कोणी वाचणार नाही का?

पदच्छेद

‘तर’च्या अलीकडचं वाक्य ‘तर’च्या पलीकडे गळलेल्या जागी भरता येत नाही, त्यामुळे तसं वाचन व्याकरणात बसत नाही. पण घाईत वाचणारा अडखळेल हे खरं. मुक्ताताई, तिथे ‘ती सही कोषाध्यक्षांना करता येईल’ लिहिलंत तर हरकत नाही.

रेवती_महाल

मुक्ताताई, तिसऱ्यात ‘कळवावं’ पुन्हा लिहिलंत आणि ‘लेखी’ फक्त पहिल्यात ठेवलंत. आता कोषाध्यक्षांना तोंडी सांगितलं तरी नियम पाळला गेला असं कोणी म्हणेल. टाकीचंच उदाहरण.

मुक्ता_धरमपेठ

खरंच की. दुसरं ‘कळवावं’ काढते: ‘अध्यक्षांनी सचिवांना लेखी कळवावं आणि कोषाध्यक्षांनाही.’

वसंत_काटोलरोड

ताई, एक पत्र दोघांच्या नावे चालेल की दोन पत्रं? आमच्याकडे यावरूनही वाद झालाय.

पदच्छेद

लोप ठेवलेल्या वाक्यात दोन कळवणी आहेत, म्हणून दोन पत्रं असं वाचलं जाईल. ‘सचिवांना व कोषाध्यक्षांना लेखी कळवावं’ असं एकत्र केलं तर एक पत्रही चालेल. मूळ इंग्रजीत काय हवंय ते पाहून दोहोंपैकी एक निवडा.